तीन केळी मागताना: ‘त्सु’ की ‘होन’?

लातूरच्या बाजारात ‘तीन केळी द्या’ म्हटलं की झालं. जपानीत मात्र आकड्याला वस्तूनुसार गणकशब्द जोडावा लागतो.

‘त्सु’ची मालिका सोपी आहे: हितोत्सु, फुतात्सु, मित्त्सु. बहुतेक वस्तूंना ती चालते, पण नऊपर्यंतच. दहाला ‘तोओ’, पुढे ती संपते. माणसांना तर लावूच नये.

‘होन’ लांबट वस्तूंसाठी: केळी, पेन्सिली, बाटल्या, झाडंसुद्धा. उच्चार आकड्यागणिक बदलतो: इप्पोन, निहोन, सान्बोन. ‘सान्होन’ म्हणणारा शिकाऊ लगेच ओळखू येतो.

तीन केळ्यांसाठी ‘बानाना ओ सान्बोन’ नेमकं; ‘मित्त्सु’ म्हटलं तरी दुकानदाराला कळतं. म्हणून सुरुवात ‘त्सु’नेच करा, असं मी आग्रहाने सांगेन. पण डझनभर केळी हवी असतील तर ‘जूनिहोन’ म्हणावं लागतं, त्यामुळे ‘होन’ शिकणं फार लांबवू नका.