आषाढ ते दिवाळी: बारवरचं वजन तेच ठेवून केलेल्या कटचा अनुभव

आषाढी एकादशी झाल्यावर सोमवारी कट, म्हणजे चरबी उतरवण्यासाठी गरजेपेक्षा कमी खाणं, सुरू केला आणि दिवाळीच्या आठवडाभर आधी थांबवला. मधे गणपतीचे दहा दिवस सोडले. आता डिसेंबर आहे. वजन आणि लिफ्ट दोन्ही स्थिर आहेत, म्हणून आता लिहितोय. कट संपल्या संपल्या लिहिलेल्या अनुभवावर माझा विश्वास नाही.

सुरुवातीला वजन ८४.२ किलो होतं. स्क्वॉट १२० किलोचे ५ रेप, बेंच ८७.५ चे ५, डेडलिफ्ट १५० चे ५. आता वजन ७८.५ च्या आसपास, स्क्वॉट ११७.५, बेंच ८५, डेडलिफ्ट १५०, सगळे ५ रेपनेच. पुलअप्स ७ व्हायचे, ते ११ होतात.

आदल्या वर्षीही कट केला होता. जिममध्ये मला सांगितलं गेलं की कटिंगमध्ये हलकं वजन आणि जास्त रेप मारायचे, म्हणजे शरीराला 'कट्स' येतात. मी दीड हजार कॅलरी खात होतो आणि वीस-वीस रेपचे सेट मारत होतो. दहा आठवड्यांत बेंच ८५ वरून ७० वर आला आणि आरशात मी फक्त लहान दिसायला लागलो. चूक कुठे होती ते आता कळतं. चरबी कमी होते ती खाण्यातल्या तुटीमुळे. रेप वाढवून ती पोटावरची किंवा छातीवरची वेगळी जळत नाही. व्यायामाचं काम त्या काळात एकच: स्नायूला अजून जड वजन उचलायचंय, हे शरीराला कळत राहणं. हलक्या वजनाने तो निरोप पोचत नाही, आणि जास्त सेट मारले तर भरून निघायला अन्न नसतं.

म्हणून या वेळी बारवरचं वजन ठेवलं आणि सेट कापले. चार दिवसांचे तीन दिवस केले. छातीचे आठवड्याला १६ सेट होत होते, ते ९ वर आणले. प्रत्येक मोठ्या लिफ्टचा एकच जड सेट ५ रेपचा, तोही एक-दोन रेप हातात राखून. मग वजन दहा टक्के उतरवून दोन सेट. म्हणजे स्क्वॉटला १२० चा एक आणि १०७.५ चे दोन, बस. पहिल्या पंधरवड्यात हे फारच कमी वाटतं आणि आणखी दोन सेट मारायची इच्छा होते. मारू नका. सहाव्या आठवड्यात ते का कमी ठेवले होते ते पायांना समजतं.

खाण्याचा हिशेब अॅपवरच्या सूत्राने काढला नाही. आधी दोन आठवडे नेहमीसारखं खाऊन सगळं मोजलं आणि रोज सकाळी वजन केलं. वजन हललं नाही आणि सरासरी २६०० कॅलरी निघाली, तीच माझी खरी गरज. त्यातून साडेचारशे कमी केल्या. जिमच्या दिवशी २४००, बाकीच्या दिवशी १९५०, म्हणजे आठवड्याची सरासरी २१५० च्या जवळपास. जिमच्या दिवशीची वाढ मुद्दाम भात-भाकरीची, व्यायामाच्या दोन तास आधी आणि नंतरच्या जेवणात. जड सेटला लागणारी ताकद त्यातूनच येते.

मोजताना सगळ्यात जास्त चुकलो ते तेलात. घरच्या भाजीत माझ्या वाट्याला किती तेल येतं हे चमच्याने मोजता येत नाही. शेवटी सोपा मार्ग सापडला: आमच्या चौघांच्या घरात महिन्याला तीन किलो तेल लागतं, म्हणजे माणशी रोज २५ ग्रॅम, म्हणजे सव्वादोनशे कॅलरी. त्या मी तोवर धरतच नव्हतो. उसळीतलं आणि कोशिंबिरीतलं दाण्याचं कूटही तसंच, २० ग्रॅमला शंभराच्या वर. या दोन गोष्टींत तुटीचा बराचसा भाग गिळला जातो आणि आपण म्हणत राहतो की 'माझं वजन उतरतच नाही'.

प्रोटीन रोज १५० ग्रॅमच्या आसपास ठेवलं, किलोमागे साधारण १.८. कट सुरू होऊन तीनेक आठवडे होतायत तोच श्रावण लागला. आमच्याकडे महिनाभर अंडं-चिकन बंद. त्या महिन्यात व्हेचे दोन स्कूप, ५० ग्रॅम कोरडे सोया चंक्स (त्यात २६ ग्रॅम), १०० ग्रॅम पनीर आणि अर्धा लिटर दूध-दही, बाकी डाळ, उसळ, पोळीतून. सोया चंक्स उकळून दोनदा पिळून घेतले आणि रस्सा भाजीत टाकले तर घरचेही खातात. सोमवारचा उपास मात्र सोडला. साबुदाणा खिचडीत कॅलरी भरपूर आणि प्रोटीन नावापुरतं, त्या दिवसाचं गणित बसतच नव्हतं. आईला आधी समजावून सांगितलं, तिने ऐकलं.

वजन रोज करायचं पण बघायची ती आठवड्याची सरासरी. पहिल्या आठवड्यात १.३ किलो गेलं; ते बहुतेक पाणी होतं, त्यावरून पुढचा अंदाज बांधू नये. नंतर आठवड्याला साधारण ४०० ग्रॅम. ऑगस्टच्या मध्यावर ते थांबल्यासारखं झालं तेव्हा खाणं कमी करायच्या आधी घड्याळातली पावलं बघितली. साडेआठ हजारांवरून पाच हजारांवर आली होती, मला पत्ताही नव्हता. कमी खाल्लं की माणूस नकळत कमी हलतो. रात्री जेवणानंतर चालणं सुरू केलं आणि काटा पुन्हा हलला. धावणं टाळलं, कारण दुसऱ्या दिवशीच्या स्क्वॉटमध्ये ते जाणवतं.

आता मुख्य मुद्दा: ताकद घटतेय की नुसता थकवा आहे, हे ओळखायचं कसं. सातव्या आठवड्यात स्क्वॉटचे ११५ चे ५ रेपही जड गेले. एका दिवसावरून मी काही ठरवत नाही, झोप कमी झाली तरी असं होतं. पण सलग दोन वेळा तसं झालं आणि त्याच आठवड्यात डेडलिफ्टही खाली आला. सगळ्या लिफ्ट एकदम घसरल्या तर तो साचलेला थकवा असतो. आठवड्याभरात सगळीकडचा स्नायू जात नाही. एकट्या बेंचचंच वजन उतरत असेल तर तितकं घाबरू नये. छाती-पाठीवरची जाडी कमी झाली की बारला जास्त अंतर कापावं लागतं आणि बाकावरचा आधारही कमी होतो, त्यामुळे बेंच सगळ्यात आधी बोलतो. पण तो पंधरवड्यामागून पंधरवडा उतरत राहिला, तर तूट जास्त आहे असं समजावं.

पुढच्याच आठवड्यात गणपती आले. दहा दिवस २५५० कॅलरी, उकडीचे मोदकही त्यातच बसवून. जड सेट तेच, पण मागचे दोन सेट बंद. काटा १.२ किलो वर गेला. स्नायूंत साठलेलं ग्लायकोजेन आणि त्याबरोबरचं पाणी, दुसरं काही नाही. विसर्जनानंतरच्या आठवड्यात ते उतरलं. त्यानंतरच्या पहिल्याच दिवशी स्क्वॉटला ११७.५ चे ५ स्वच्छ निघाले.

हे सगळं माझ्यासारख्या चार-पाच वर्षं वजन उचलणाऱ्यासाठी आहे. नव्याने सुरू केलेल्याला तुटीतही ताकद वाढताना दिसते, त्याने सेट कापायची गरज नाही. मधुमेहाची औषधं चालू असतील तर तूट ठेवायच्या आधी डॉक्टरांशी बोला, साखर खाली जाऊ शकते.

कट संपल्यावर दोन आठवड्यांत हळूहळू २४५० वर आलो. वजन कमी झाल्यामुळे जुने २६०० आता जास्त होतात. सेट मात्र महिनाभर तेवढेच ठेवले. बेंच शेवटी ८२.५ वर आला होता, तो नोव्हेंबरअखेर ८५ झाला. पुढच्या वेळी गणपतीची वाट न बघता सहाव्या आठवड्यातच थांबणार आहे.