‘तुझे ५९० राहिले’ मेसेज: सहा महिने वापरल्यावर

चौघं जेवायला गेलो की बिल बहुतेक वेळा मीच भरतो. बाकीच्यांचे हिस्से मागायला आधी ॲपमधून कलेक्ट रिक्वेस्ट टाकायचो. १ ऑक्टोबर २०२५ पासून यूपीआयवर दोन व्यक्तींमधली ती सोय बंद झाली. बरंच झालं, मित्राला ती सावकाराच्या तगाद्यासारखी वाटायची. तेव्हापासून साधा मेसेज करतो: ॲपमधली नोंद, तारीख, रक्कम.

पहिलाच मेसेज फसला. १५ नोव्हेंबरला, शनिवारी रात्री, वर्धा रोडच्या ढाब्यावर जेवलो. बिल २,३६० झालं, माणशी ५९०. दोघांनी तिथेच दिले, तिसऱ्याचे राहिले. आठवड्याने त्याला स्क्रीनशॉट टाकून लिहिलं, "बे, तुझे ५९० राहिले." उत्तर आलं, "१६ तारखेले मी बुटीबोरीले ड्यूटीवर होतो ना बे. अन् हे बाई कोण? अन् २,३६० कायचे?"

पोरगं टाळत नव्हतं. पैसे दिले तेव्हा १२ वाजून १४ मिनिटं झाली होती, म्हणून नोंदीत १६ तारीख. क्यूआर ढाबेवाल्याच्या बायकोच्या खात्याचा, म्हणून नाव तिचं. आणि नोंदीत दिसते ती मी भरलेली पूर्ण रक्कम, त्याचा हिस्सा नाही. मग परत लिहिलं:

"अरे, शनिवारी (१५ नोव्हेंबर) रात्री ढाब्यावर जेवलो ना, त्याचं बिल. पैसे १२ नंतर दिले, म्हणून नोंदीत १६ तारीख आहे. नाव ढाबेवाल्याच्या घरच्यांचं. २,३६० चे चार हिस्से, तुझे ५९०. आधीच दिले असशील तर सांग, मी पाहतो. जमेल तेव्हा टाक."

दहा मिनिटांत पैसे आले.

"आधीच दिले असशील तर" हे शब्द मी आता कधीच गाळत नाही. जानेवारीत एकाला मेसेज लिहून ठेवला होता. पाठवण्याआधी ॲपमध्ये त्याच्या नावावर जाऊन जुने व्यवहार पाहिले, तर त्याने पेट्रोलचे म्हणून ६०० आधीच टाकलेले. उलट मीच १० रुपये देणं लागत होतो! रोख दिलेले मात्र ॲपमध्ये दिसत नाहीत, तिथे विचारल्याशिवाय इलाज नाही.

स्क्रीनशॉट कापूनच पाठवतो, कारण खाली आपल्या खात्याचे शेवटचे आकडे आणि यूपीआय आयडी असतो. व्यवहाराचा बारा आकडी नंबर, म्हणजे यूटीआर, तोही मागताना कामाचा नाही. तो लागतो मित्र "टाकले" म्हणतो आणि आपल्याकडे आलेले नसतात तेव्हा. मग त्याच्या नोंदीतला यूटीआर मागवून आपल्या खात्याच्या स्टेटमेंटमध्ये शोधतो. एकदा सापडला नाही. त्याच्याकडे व्यवहार ‘पेंडिंग’ होता, त्याने खालचा शब्द वाचलाच नव्हता.

ग्रुपवर कधी टाकत नाही, पर्सनललाच. महिन्याच्या २५ नंतरही नाही. पगाराची वाट पाहणाऱ्याला काय मागायचं!

एक जण अजून बाकी आहे. दोन मेसेज गेले, दोन्हीला निळी टिक. परवा तर्री पोह्याचे पैसे त्याने दिले, तेवढे मी त्यातून वजा करून ठेवलेत.