टाइप करायचं, व्हॉइस नोट पाठवायची, की सरळ फोन लावायचा?

ओळख नवी आहे, चॅट रोज रात्री रंगतंय, आणि आता पुढे काय असा प्रश्न पडलाय. अशा वेळी बहुतेक जण पायरीपायरीनं जातात: आधी टाइप, मग व्हॉइस नोट, मग फोन. व्हॉइस नोट म्हणजे अर्धा फोनच, असा त्यामागचा हिशोब असतो. मला तो पटत नाही. आवाज ऐकू येतो एवढं सोडलं तर व्हॉइस नोट स्वभावानं पत्राच्या जवळची आहे.

टाइप केलेल्या चॅटपासून सुरुवात करू. त्यात दोघांनाही वेळ मिळतो. वाक्य खोडता येतं, उत्तर सजवता येतं. जोसेफ वॉल्थर या संवाद-अभ्यासकानं 1996 मध्येच मांडलं होतं की, नुसत्या लेखी संवादात जवळीक कधीकधी समोरासमोरच्या भेटीपेक्षाही जास्त वाटू शकते. समोरची व्यक्ती आपली निवडक बाजू दाखवते आणि उरलेल्या जागा आपण आपल्या आवडीच्या रंगानं भरतो. म्हणून तीन आठवड्यांच्या चॅटनंतर 'किती जुळतं आमचं' असं वाटतं, तेव्हा त्यातलं थोडं आपणच लिहिलेलं असतं.

दुसरी अडचण सुराची. 2005 मध्ये छापून आलेल्या एका प्रयोगात लोकांनी उपरोधिक आणि गंभीर वाक्यं ईमेलनं पाठवली. वाचणाऱ्याला फरक साधारण 78 टक्के वेळा कळेल, असा पाठवणाऱ्यांचा अंदाज होता. प्रत्यक्षात तो 56 टक्के वेळाच कळला, म्हणजे नाणेफेकीपेक्षा जरासाच बरा. तीच वाक्यं आवाजात ऐकवल्यावर आकडा 73 च्या आसपास गेला.

माझ्या एका मैत्रिणीचं उदाहरण घ्या. नव्या ओळखीतल्या एकाला तिनं रविवारी भेटायचं विचारलं. त्याचं उत्तर आलं, "बरं, बघू." त्या पूर्णविरामावर तिनं अख्खी संध्याकाळ घालवली. त्याला रस नाही असं ठरवून तीही तुटक लिहू लागली. दोन दिवसांनी त्यानं पंचवीस सेकंदांची व्हॉइस नोट पाठवली: "रविवारचं बघतो म्हणालो ना, ते जमतंय बरं का!" शेवटी हसू होतं. सूर कळला आणि गाठ सुटली.

हे काम व्हॉइस नोट छान करते. थकवा, हसू, संकोच, सगळं तिच्यातून पोचतं. पण तीही पुसून पुन्हा रेकॉर्ड करता येते. मध्येच कोणी "थांब, म्हणजे काय?" असं विचारत नाही. त्यात ऐकणारा ती कधी ऐकेल आणि कोणत्या वेगानं ऐकेल हे आपल्या हातात नसतं. पुढे याच मैत्रिणीनं उत्साहात पावणेचार मिनिटांची नोट पाठवली. त्यानं ती कामाच्या गडबडीत दीडपट वेगानं ऐकली आणि उत्तर दिलं फक्त शेवटच्या वाक्याला. तिला वाटलं, बाकीचं वाऱ्यावर गेलं. लांब नोटेत हा धोका कायमचा. सुरुवातीला मिनिटाच्या आत आणि एकाच विषयावर बोलावं, म्हणजे उत्तरही नेमकं येतं.

फोनमध्ये वेगळं काय होतं? एकाचं बोलणं संपल्यापासून दुसऱ्याचं सुरू होईपर्यंतची फट. दहा भाषांमधल्या संभाषणांच्या 2009 च्या अभ्यासात ही फट सरासरी सेकंदाच्या पाचव्या भागाच्या आसपास आढळली. एवढ्यात उत्तर सजवायला सवड कुठली! म्हणून माणूस जरा कच्चा, खरा ऐकू येतो. तोंडातून "हं हं" निघतं, दोघं एकदमच बोलायला लागतात, एक थांबतो. जवळीक वाढते ती या ठेचकाळण्यातून, असं माझं मत. त्या दोघांचा पहिला कॉल नऊ मिनिटांचा झाला, त्यातलं पहिलं मिनिट नुसतं "आवाज येतोय ना?" यातच गेलं. तरी त्यानंतरच तिला तो 'माहीत' वाटू लागला.

मग फोन टाळतो कशाला आपण? अवघडल्यासारखं होईल म्हणून. अमित कुमार आणि निकोलस एप्ली यांच्या 2021 च्या प्रयोगांत जुन्या मित्राशी फोनवर बोलणाऱ्यांनाही तशीच धास्ती होती. प्रत्यक्षात अवघडलेपण ईमेलपेक्षा जास्त नव्हतं, जवळीक मात्र जास्त वाटली. व्हिडिओ कॉलवर चेहरा दिसण्यानंही त्यात विशेष भर पडली नाही. काम आवाजानंच केलं होतं.

माझं ऐकाल तर आठवडाभर टाइप करा, त्यात एखाददुसरी छोटी व्हॉइस नोट टाका आणि मग आधी विचारून कॉल करा: "आज रात्री दहा मिनिटं बोलूया का? मला साडेनऊला निघायचंय." शेवट आधीच ठरलेला असला की दोघंही मोकळे बोलतात. वेळापत्रक जुळत नसेल किंवा एकाला ऐकायला त्रास असेल, तर टाइपच बरं. फोनचा धसका असलेल्यालाही घाई करू नका. फक्त अशा वेळी भेट फार लांबवू नका, नाहीतर आपण भरलेले रंग पक्के होत जातात. आणि तुमच्या तीन नोटांना प्रत्येक वेळी टाइप केलेलंच उत्तर येत असेल, तर चौथी पाठवण्याआधी "तुला ऐकायला आवडतं की वाचायला?" एवढं विचारून घ्या.