टीम लंच : ‘व्हेज कोण कोण?’ न विचारता जागा कशी ठरवायची

शुक्रवारी टीमचं जेवण आहे आणि जागा ठरवायचं काम तुमच्या गळ्यात पडलंय. टीम चौदा जणांची. त्यात शाकाहारी आहेत एवढं ठाऊक आहे. किती आणि किती कडक, ते नाही. अशा वेळी आपल्याकडच्या ऑफिसांत तीन रस्ते दिसतात: ग्रुपवर सरळ विचारणं, सगळ्यांना फॉर्म पाठवणं, किंवा आधी आपणच जागा चाळून मग मतं मागवणं. कोणालाही न विचारता थेट शुद्ध शाकाहारी हॉटेल बुक करणं हा चौथा. चौदा जणांच्या टीमसाठी मी तिसरा निवडेन. का, ते बाकीच्यांशेजारी ठेवून पाहिलं की कळतं.

ग्रुपवर सरळ विचारणं

दोन मिनिटांत होतं, हाच याचा एकमेव गुण. “मंडळी, शुक्रवारी लंच. व्हेज कोण कोण आहे, हात वर करा” असा मेसेज पडला की पुढचं ठरलेलं असतं. तीन-चार हात वर होतात. कोणीतरी ‘घासफूस गँग’ म्हणतं, हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग लागते. मग एखादी लिहिते, “मी जैन आहे, कांदा-लसूणही नको, पण तुम्ही माझ्यासाठी बदलू नका.” त्या क्षणापासून अख्खं जेवण तिच्या नावावर जमा होतं. ठरलेलं मालवणी हॉटेल रद्द झालं तर तिच्यामुळे, आणि नाही झालं तर ती कोशिंबीर चिवडत बसलेली सगळ्यांना दिसते.

दुसरी गोष्ट जास्त नाजूक आहे. आपल्याकडे ताटावरून जात ओळखायची खोड आहे. ‘तू काय खातोस’ हा प्रश्न पुष्कळांच्या कानाला ‘तू कोण’ असा ऐकू येतो. शाकाहारी माणसाला तो टोचतो, तसा मांसाहारी माणसालाही टोचू शकतो. आडनावावरून अंदाज बांधणं तर त्याहून वाईट. जोशी मटण चापतात आणि एखाद्या माळकरी घरातले पाटील अंडंही खात नाहीत. शिवाय घरी शाकाहारी आणि बाहेर चिकन, किंवा गुरुवार-शनिवार पाळणारे, अशांनी चारचौघांत नेमकं काय उत्तर द्यायचं?

रोज एकत्र डबा खाणाऱ्या पाच जणांत हा प्रश्न चालतो, पण तिथे तो विचारायची गरजच नसते.

सगळ्यांना फॉर्म

वीस-पंचवीस जण असतील, टीम नवी असेल किंवा दोन शहरांतली माणसं पहिल्यांदा भेटत असतील, तर फॉर्म उत्तम. फक्त प्रश्न कसा घातलाय ते बघावं लागतं. ‘व्हेज / नॉनव्हेज / जैन’ असे तीन गोल दिले की तीच वर्गवारी खाजगीत झाली, एवढाच फरक. त्याऐवजी प्रश्न जागेबद्दल ठेवा:

“जागा निवडताना काय सांभाळलेलं आवडेल? हवं तेवढं निवडा: शाकाहारी पदार्थ भरपूर असावेत / कांदा-लसणाशिवाय मिळावं / अंड्याशिवाय असावं / हलाल असावं / उपासाचं काही असावं / तिखट बेताचं असावं / यातलं काहीच नको, कुठेही चालेल.”

इथे प्रत्येकजण जागेकडून काहीतरी मागतोय, स्वतःवर शिक्का मारून घेत नाहीये. मुद्दाम घातलेला तिखटाचा पर्याय कामाचा आहे. त्यामुळे शाकाहार हा एकटाच ‘प्रॉब्लेम’ म्हणून उभा राहत नाही.

धोका सेटिंगमध्ये असतो. मायक्रोसॉफ्ट फॉर्म कंपनीतल्या लोकांपुरता ठेवला की नाव नोंदवण्याची खूण सहसा आधीच लागलेली असते, ती काढा. गुगल फॉर्ममध्ये ईमेल गोळा करणं बंद आहे ना, आणि उत्तरांचा गोषवारा सगळ्यांना दिसत नाही ना, हे पाठवण्याआधी पाहा. तरीही सहा-सात जणांच्या टीमला निनावीपणाचा फारसा उपयोग नाही, कारण कांदा-लसणाची एकच खूण आली की ती कोणाची हे सगळे ओळखतात. ॲलर्जी मात्र फॉर्मच्या या यादीत टाकू नका. शेंगदाण्याने घसा सुजणाऱ्या माणसाचं नाव तुम्हाला माहीत असायलाच हवं. त्यासाठी शेवटी एक ओळ पुरते: “ॲलर्जी असेल तर मला वेगळा मेसेज करा.”

आधी चाळणी, मग मतदान

ग्रुपवर सरळ मतदान टाकलं तर काय होतं ते आधी बघू. बार्बेक्यू बुफे, मालवणी, चायनीज आणि उडुपी अशी चार नावं दिली. चौदांपैकी आठ मतं बार्बेक्यूला गेली. निकाल लोकशाहीने लागला, आणि आता ज्याला तिथे खाता येत नाही त्याला एक तर गप्प बसावं लागतं, नाही तर आठ जणांच्या उत्साहावर पाणी ओतावं लागतं. म्हणून चाळणी मतदानाच्या आधी लागते. यादीतली प्रत्येक जागा प्रत्येकाला चालणारी असली की कोणी कुठेही मत दिलं तरी त्यातून काही उघड होत नाही. व्हॉट्सॲपच्या पोलमध्ये कोणी कशाला मत दिलं ते सहसा दिसतं. इथे दिसलं तरी बिघडत नाही.

चाळणी म्हणजे पाच-सहा फोन. ‘व्हेज मिळतं का?’ असं विचारू नका. त्याला सगळीकडून ‘हो’च येतं आणि पुढ्यात पनीर टिक्का न् व्हेज पुलाव येतो. माझा निकष साधा आहे: शाकाहारी माणसाला पनीर वगळूनही स्टार्टर, भाजी, पोळी-रोटी आणि भात असं पूर्ण जेवण मिळालं पाहिजे. म्हणून पनीर सोडून भाज्या किती, तळणाचं तेल आणि तवा वेगळा आहे का, कांदा-लसणाशिवाय काय देता, आणि नानच्या कणकेत अंडं घालता का, हे विचारायचं. चायनीज-थाई असेल तर आणखी एक: सूपला पाणी कशाचं? काही ठिकाणी व्हेज मंचावलाही चिकनचाच स्टॉक असतो, व्हेज नूडल्समध्ये ऑयस्टर सॉस पडतो आणि थाई करीत कोळंबीची पेस्ट किंवा फिश सॉस असतो. मॅनेजर ‘थांबा, किचनला विचारतो’ म्हणाला तर चांगली खूण. न विचारताच ‘सगळं व्हेज आहे सर, टेन्शन नका घेऊ’ म्हणाला तर ते नाव खोडा.

वरच्या चार नावांचं या चाळणीत काय होतं? बार्बेक्यू पहिलं गळतं. पदार्थ शाकाहारी असतात, चवीलाही चांगले, पण टेबलातल्या एकाच शेगडीवर कोळंबीच्या आणि मशरूमच्या सळया शेजारी-शेजारी लागतात. वर वेटर खुर्च्यांमागून मोठ्याने विचारत येतो, “व्हेज कोण सर? व्हेज?” तुम्ही आठवडाभर जे टाळलंत ते तो अर्ध्या मिनिटात करून जातो. चायनीज सूप आणि सॉसच्या उत्तरावर अवलंबून. मालवणी लोक समजतात तितकं अवघड नाही: काळ्या वाटाण्याचं सांबारं, काजूची उसळ, वडे, सोलकढी हे सगळं शाकाहारीच आहे. पण हे पदार्थ कार्डावर असणं आणि शुक्रवारी दुपारी खरोखर तयार असणं यात फरक असतो, म्हणून आदल्या दिवशी सांगून ठेवावं लागतं. आणि माशांचा वास ज्यांना सोसत नाही त्यांचा प्रश्न उसळीने सुटत नाही, हेही खरं. उडुपी किंवा पंजाबी-उडुपी-चायनीज असं सगळं देणारं मोठं शाकाहारी हॉटेल अर्थात पास होतं. त्याला जोड म्हणून मी असं एखादं मिश्र हॉटेल शोधेन जिथे दोन्ही स्वयंपाकघरं खरंच वेगळी आहेत. अशी जागा सापडली की अर्धं काम झालं.

मग ग्रुपवर:

“मंडळी, शुक्रवारी १ वाजता लंच. तीन जागा फोन करून बघून ठेवल्यात. तिन्हीकडे व्हेज आणि जैन जेवण नीट मिळतं, दोन ठिकाणी नॉनव्हेजही आहे. चालतील तेवढ्या सगळ्यांवर खूण करा. बुधवारी संध्याकाळी बुकिंग करतो. काही वेगळं सांगायचं असेल तर मला पर्सनलवर टाका.”

‘चालतील तेवढ्या’ हे महत्त्वाचं. पोलमध्ये एकाहून जास्त उत्तरांची मुभा चालू ठेवा. त्याने आवडतीपेक्षा बहुतेकांना चालणारी जागा वर येते. आणि ‘आपल्यात काही जण व्हेज आहेत म्हणून’ ही ओळ कुठेही नको. जागेचं वर्णन करा, कारण देऊ नका.

थेट शुद्ध शाकाहारी

कोणाला काही विचारावंच लागत नाही, म्हणून मोह होतो. पुण्यात दूर्वांकुर किंवा सुकांतासारखी थाळी घेतली तर ऑर्डरची कटकटही नाही. सगळ्यांच्या ताटात तेच, वाढपी सगळ्यांना तोच आग्रह करतो. श्रावणात, किंवा टीममध्ये जैन बरेच असतील तेव्हा, हाच सोपा मार्ग. पण दर महिन्याला हेच झालं की ‘आज पण पनीर?’ अशी कुरकुर सुरू होते आणि तिचा रोख शेवटी शाकाहाऱ्यांकडेच जातो. आलटून-पालटून ठेवलं तर ठीक.

जागेइतकाच वारही मदत करतो. सोमवार, मंगळवार, गुरुवार, शनिवार यांतला एखादा वार पाळणारं टीममध्ये कोणी ना कोणी निघतंच. बुधवार आणि शुक्रवार त्या मानाने मोकळे. तरी कॅलेंडरवर संकष्टी, एकादशी, नवरात्र आणि रमजान एकदा पाहून घ्या. रमजानात दुपारचं जेवण ठेवण्यापेक्षा महिना पुढे ढकललेला बरा.

बुक करताना हॉटेलवाला हमखास विचारतो, “व्हेज किती, नॉनव्हेज किती?” हा प्रश्न ग्रुपवर आणायचा नाही. बुफे नसेल तर “निम्मे-निम्मे धरा, पदार्थ टेबलावरच मागवू” एवढं उत्तर चालतं. लांब टेबल एकच मागा, व्हेजचा वेगळा कोपरा नको. दोन्ही टोकांना शाकाहारी पदार्थ आधी येऊ दे, म्हणजे कोणाला भांडं मागून घ्यावं लागत नाही. वाढदिवसाचा केक असेल तर सगळ्यांसाठी एकच, बिनअंड्याचा.

राहिलं बिल. कंपनी देत असेल तर प्रश्न नाही. वर्गणी असेल आणि चौदा भाग सरसकट केले, तर डाळ-रोटी खाणारा दुसऱ्याच्या सुरमईचे पैसे भरतो आणि संकोचाने बोलत नाही. टीटीएमएम हवं असेल तर ते पोलच्या मेसेजमध्येच लिहा. बिल टेबलावर आल्यावर तो विषय काढला की पुन्हा कोणी काय खाल्लं याचीच मोजणी सुरू होते.