रूट कॅनॉलचा एकपानी कागद: सात महिने वापरल्यावर

दाढेचं रूट कॅनॉल आणि त्यावरची कॅप, एवढ्यासाठीच मी हा कागद बनवला: कोणत्या भेटीत काय होणार आणि खर्च किती. पेशंटला समजावताना तो समोर ठेवायचा आणि जाताना त्याच्या हातात द्यायचा. सात महिने झाले.

पहिला मसुदा फसला. खाली 'अंदाजे खर्च' म्हणून एकच आकडा होता आणि पेशंटनं तोच पक्का धरला. एकांच्या दाढेचा वरचा भाग इतका किडलेला निघाला की कॅप धरायला आत पोस्ट, म्हणजे मुळात रोवलेली आधाराची छोटी काडी, बसवावा लागला. "तेव्हा का नाही सांगितलंत?" हा त्यांचा प्रश्न रास्त होता. आता खर्चाचे दोन भाग आहेत: 'नक्की लागणारा' आणि 'लागला तर'. दुसऱ्या भागात प्रत्येक गोष्टीपुढे ती कोणत्या भेटीत कळेल तेही लिहितो. पोस्टपुढे लिहितो, 'कीड काढल्यावर, पहिल्या भेटीत'. तेव्हापासून वाद जवळजवळ थांबले.

गेल्या महिन्यात एक बाई आल्या, खालची दाढ, पर्स दोन्ही हातांनी घट्ट धरलेली. खुर्ची सरळ केली, गळ्यातलं एप्रन काढलं, मग बोललो. आडव्या माणसाला काही समजावू नये, ते डोक्यात शिरत नाही. सांगितलं ते असं: "आज बधिर करून आतली दुखरी नस काढू, औषध भरू आणि वरून तात्पुरतं सिमेंट लावू. आठवड्याने मुळातल्या नळ्या पुन्हा साफ करून कायमच्या बंद करू. तिसऱ्या भेटीत कॅपचं माप, चौथ्या भेटीत कॅप. दोन-तीन दिवस चावताना ठणकेल. मध्येच थांबावंसं वाटलं तर डावा हात वर करा."

मग विचारलं, "घरी काय सांगाल?" म्हणाल्या, "आज दुखणं थांबेल, मग जमेल तेव्हा यायचं." कागदात उणीव कुठे आहे ते तिथे कळलं. दुखणं थांबतं, पण दाढ अर्धवटच असते. तात्पुरतं सिमेंट झिजतं, कडेने लाळ आणि जंतू परत आत जातात. कॅपशिवाय पोखरलेली दाढ चावताना उभी चिरू शकते, आणि चीर मुळापर्यंत गेली तर बहुतेक वेळा दाढ काढावीच लागते. आता पहिल्या भेटीच्या ओळीखाली ठळक अक्षरात आहे: 'दुखणं थांबेल, काम संपलेलं नसेल.'

तक्रारीही आहेत. गाल सुजून रात्रभर न झोपलेल्या माणसापुढे हा कागद ठेवणं क्रूरपणा आहे. त्याला फक्त आजचं काम आणि आजचा खर्च सांगतो, बाकीचं पुढच्या भेटीत. पाच-सहा दातांचं काम असेल तर एका पानात मावत नाही, अक्षर बारीक करून पाहिलं तर कुणी वाचेना. तिथे अजून कोऱ्या कागदावर दाढेचं चित्र काढूनच समजावतो.