पगारवाढ वाचवायची कशी: स्टेप-अप एसआयपी की खर्चाचं वेगळं खातं?

हातात येणारा पगार ६०,००० वरून ७२,००० झाला, असं धरू. १०,००० च्या एसआयपीला दरवर्षी १० टक्के स्टेप-अप लावला, तर गुंतवणूक वाढते फक्त १,००० नं. उरलेले ११,००० पगाराच्या खात्यातच राहतात आणि मोठ्या फोनच्या हप्त्यात, बाहेरच्या जेवणात कधी मुरतात ते कळतही नाही.

दुसऱ्या पर्यायात पगाराच्या खात्यातून दर २ तारखेला, एसआयपी वजा जाता आधी खर्चाला उरायचे तेच जुने ५०,००० खर्चाच्या खात्यात आपोआप जातात. यूपीआय फक्त त्याच खात्याला जोडायचं. वाढीचे १२,००० मागेच राहतात. मला हाच पर्याय पटतो. मात्र क्रेडिट कार्डाचं बिलही खर्चाच्या खात्यातूनच भरायचं, नाहीतर गळती तिथून सुरू होते. घरभाडं वाढलं तर तेवढीच रक्कम वाढवावी.