रिंग लाइटमधले फोटो पाहून नवरीचा मेकअप ठरवताय?

एका नवरीने मेकअप आर्टिस्टचे तीन सुंदर फोटो पाहून आगाऊ रक्कम भरली. अल्बम हातात आला तेव्हा डोळ्यांखाली आणि कपाळावर पांढरे चट्टे, चेहरा राखाडी आणि मान मात्र नेहमीसारखी गव्हाळ. आर्टिस्टने खापर फोडलं फोटोग्राफरवर: ‘फ्लॅश जास्त मारला.’

ही थाप आहे, हे अल्बममधल्या फोटोंतच दिसत होतं. फ्लॅश जास्त झाला असता तर मान, हात, दागिने सगळंच फटफटीत आलं असतं. इथे पांढरं पडलं होतं ते फक्त पावडर दाबून बसवलेल्या जागी. सिलिकाची बारीक पावडर साध्या उजेडात जवळजवळ दिसत नाही. पण लेन्सला लागून असलेला फ्लॅश समोरून पडला की तो उजेड पावडरीवरून सरळ कॅमेऱ्यात परततो. खाली झिंक ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइडवालं एसपीएफ फाउंडेशन असेल तर आणखी भर. फ्लॅश छताकडे वळवला की हा दोष बराचसा झाकला जातो. राखाडीपणाचं कारण वेगळं: पिवळसर त्वचेवर एक-दोन शेड उजळ आणि गुलाबी झाकेचं फाउंडेशन.

आता आर्टिस्टचे ते तीन फोटो पुन्हा बघा. तिन्हींत बुबुळात पांढरं गोल कडं, म्हणजे रिंग लाइट. थेट फ्लॅशची परीक्षा झालेलीच नाही. दोन फोटो हनुवटीखाली कापलेले, त्यामुळे मानेशी रंग जुळला का, हे कळायला वावच नाही. तिसऱ्यात मान आहे, पण मागची पांढरी भिंत पिवळट आलीये. भिंतीचा रंग बदलला असेल तर त्वचेचाही बदललाच. शिवाय कपाळाजवळचे बारीक केस त्वचेत विरघळल्यासारखे पुसट. ती फिल्टरची करामत.

म्हणून आर्टिस्टकडे एकाच नवरीचे तीन फोटो मागा: खिडकीच्या उजेडातला, थेट फ्लॅशचा आणि मेकअपनंतर चार-पाच तासांनी दुसऱ्या कुणी काढलेला. तिसरा सहसा मिळत नाही. टाळाटाळ झाली तर आगाऊ रक्कम देऊ नका.

ट्रायलला मेकअप झाल्या झाल्या फोटो काढण्यात अर्थ नाही, कारण काही फाउंडेशन हवेने आणि त्वचेच्या तेलाने गडद होतात. अर्धा तास थांबा. मग अंधूक खोलीत, ब्युटी मोड बंद करून, फोनच्या मागच्या कॅमेऱ्याने साधारण एक मीटरवरून फ्लॅश मारून फोटो घ्या. कान, मान आणि गालाशेजारी धरलेला हात चौकटीत हवाच. डोळ्यांखाली पांढरं आलं तर कोरड्या ब्रशने पावडर झाडून पुन्हा तसाच फोटो घ्या. तरीही पांढरं राहिलं तर पावडरच बदलायला सांगा. वरून स्प्रे मारून ते जाईल याची खात्री नसते.